फोटोवरून लिनोकटसारखं मुखपृष्ठ: हर्णैची होडी, तीन शाया (मदत हवी आहे)

मीठभाकर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्याचा छोटासा दिवाळी अंक निघतो. यंदा मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडलंय. हर्णै बंदरावर मी काढलेला एक फोटो आहे: ओहोटीला वाळूवर जराशी कललेली मासेमारी होडी, डावीकडून येणारं उतरतीचं ऊन, मागे समुद्राची पट्टी, वर मोकळं आकाश. डोलकाठीपासून नाळेपर्यंत दोर ताणलेले आहेत.

हा फोटो लिनोकट किंवा वुडकट छापल्यासारखा दिसायला हवा आहे. म्हणजे ठसठशीत कापलेले आकार आणि दोन-तीनच शाया. गिम्प वापरते, पेन टॅबलेट नाही, माउसच आहे. `Colors > Posterize` चार पातळ्यांवर ठेवून पाहिलं तर आकाशात जांभळे-पिवळे पट्टे आले, वाळूवर रवा सांडल्यासारखे ठिपके आले आणि दोर जागोजागी तुटले. कापल्याचा भास कुठेच नाही. कुठून सुरुवात करू? अंक छापायला जायला अजून तीनेक आठवडे आहेत.

बाब्या_रत्नांग्री

एवढा कुटाणा कशाला? मोबाईलवर फोटोचं कुठलंही अ‍ॅप घ्या, त्यात 'स्टॅम्प' नाहीतर 'इंक' नावाचा फिल्टर असतोच. दोन मिनिटांचं काम.

अवांतर: हर्णैला मासळीचा लिलाव हल्ली किती वाजता असतो? पुढच्या महिन्यात जाणार आहे.

पिक्सेलभाऊ

पोस्टराइज वाईट नाही, पण तुम्ही ते रंगीत फोटोवर चालवलंत. ते लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे कापतं. चार पातळ्या म्हणजे ४ × ४ × ४, चौसष्ट रंगांना दार उघडं. आकाशातलं जांभळं तिथूनच आलं. आधी फोटो काळा-पांढरा करा (`Colors > Desaturate`), मग पुढचं.

ठिपक्यांचं कारण वेगळं आहे. वाळूच्या प्रत्येक उंचवट्याला एक उजळ आणि एक अंधारी बाजू असते, आणि पातळीची रेघ नेमकी त्यांच्या मधून जाते. म्हणून कापण्याआधी बारीकसारीक तपशील मारून टाकायचा. `Filters > Blur > Median Blur` घ्या. ए-४ आकार ३०० डीपीआयला म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल धरले तर त्रिज्या ८ ते १२ ठेवा. गॉशियन ब्लर नको, त्यात कडा पसरतात. मीडियनमध्ये मोठ्या आकारांच्या कडा बऱ्यापैकी जागेवर राहतात आणि ठिपके गायब होतात.

मग या चित्राच्या तीन प्रती करा आणि प्रत्येकीवर `Colors > Threshold`. अंधार ते उजेड अशी ० ते १०० ची पट्टी धरली तर पहिली प्रत ७० वर, दुसरी ४५ वर, तिसरी २० वर. म्हणजे पहिल्या थरात ७० पेक्षा गडद असलेलं सगळं आलं, दुसऱ्यात त्यातलंच ४५ च्या खालचं, तिसऱ्यात फक्त गडद सावल्या. तिन्ही थर एकमेकांच्या पोटात बसतात, हे महत्त्वाचं. '७० ते ४५ च्या मधलंच' असे वेगळे पट्टे कापलेत तर थर जरा सरकला की मधे पांढरी फट दिसते.

आता प्रत्येक थरावर `Color to Alpha` ने पांढरं काढून टाका, अल्फा लॉक करा आणि हवी ती शाई ओता. थरांचा मोड `Multiply`, सगळ्यात हलका थर तळाशी. झालं लिनोकट.

कमांड लाइनवर इमेजमॅजिक असेल तर तिन्ही थर असे निघतात:

```
magick hodi.jpg -colorspace Gray -statistic Median 21x21 hodi-g.png
magick hodi-g.png -threshold 70% 1-halka.png
magick hodi-g.png -threshold 45% 2-madhla.png
magick hodi-g.png -threshold 20% 3-gadad.png
```

आईची_लेक

छान धागा, मला हेच हवं होतं! माझ्या लेकाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो असा करून आजी-आजोबांना फ्रेम द्यायची आहे. वरच्या चार ओळी चालवल्या. एका गालावर मोठा काळा डाग आला आणि नाक नाहीसंच झालं. फोटो हॉलमधला आहे, फ्लॅश मारलेला. आकडे बदलून पाहिले तरी डाग नुसता इकडून तिकडे फिरतो.

मीठभाकर

@पिक्सेलभाऊ, मनापासून आभार. सगळं तसंच केलं. हलकी शाई गेरूच्या अंगाची पिवळी `#E0A93B`, मधली निळसर हिरवी `#5FA0A0`, गडद जवळजवळ काळी. आधीच्यापेक्षा खूपच बरं आहे, ठिपके गेले. पण तीन अडचणी उरल्या. समुद्र आणि होडीचं अंग निळं न दिसता शेवाळी दिसतंय. सगळ्या आकारांचे कोपरे गोलसर झालेत, होडी वितळतेय असं वाटतं. आणि दोर आता पूर्णच गेले. पोस्टर म्हणून वाईट नाही, पण कोणी हत्याराने कोरलंय असं काही वाटत नाही.

कलासक्त_७१

एक मूलभूत गोष्ट कुणीच सांगितली नाही. लिनोकटमध्ये चित्र उलटं येतं. आरशातल्यासारखं. तेव्हा आधी फोटो आडवा फिरवून घ्या, नाहीतर जाणकाराला लगेच कळेल की हे खोटं आहे.

शाईचे_डाग

@कलासक्त_७१, उलटा असतो तो ब्लॉक, छाप नाही. ब्लॉकवर आपण चित्र उलटं उतरवतो ते छाप सुलट यावी म्हणूनच. मीठभाकर छापलेलं चित्र दाखवणार आहेत, त्यामुळे फिरवायची गरज नाही. शिवाय होडीवर नाव आणि नंबर रंगवलेला असणार, तो उलटा आला तर तेच आधी डोळ्यांत भरेल.

आता मूळ प्रश्न. मी छापचित्रं करतो, कॉम्प्युटरवर माझा हात बेताचाच आहे, तेव्हा बटणांचं पिक्सेलभाऊ सांगतील. त्यांनी दिलेली पद्धत कच्चा आराखडा म्हणून उत्तम आहे. पण 'झालं लिनोकट' हे काही पटलं नाही. थ्रेशोल्डला दिसतो फक्त उजेड. होडी कुठे संपते आणि वाळू कुठे सुरू होते हे त्याला ठाऊक नसतं. कोरणारा मात्र प्रत्येक ठिकाणी ठरवतो की इथलं ठेवायचं की काढायचं. ते ठरवणं तुमच्या चित्रात अजून आलेलं नाही, म्हणून ते पोस्टर वाटतंय.

आधी रंग, कारण तो सोपा आहे. तुमच्या फोटोत समुद्र मधल्या उजेडाचा आहे, म्हणजे ७० च्याही खाली आणि ४५ च्याही खाली. त्यामुळे त्याच्यावर आधी गेरू छापला गेला आणि वर निळी. पिवळ्यावर निळी चढली की शेवाळी होणारच, खऱ्या शाईतही होते. निळा समुद्र हवा असेल तर गेरूच्या थरातून समुद्र कापून टाका, निळी थेट कागदावर पडू दे. होडीच्या अंगाचंही तेच. उलट वाळूवर पडलेली होडीची सावली गेरू अधिक निळी अशीच ठेवा, तो शेवाळी रंग ओल्या वाळूच्या सावलीला शोभतो. थोडक्यात, हलका थर 'हलक्या उजेडाचा' नसतो. तो कुठल्या वस्तूंना द्यायचा ते आपण ठरवायचं. तीन शायांत तुम्हाला चौथा रंग फुकट मिळतोय, तो जिथे उपयोगी तिथेच वापरा.

समुद्र गेरूतून काढलात की वाळू आणि पाणी एकमेकांना नुसते टेकतील. तिथे दोन्ही थर साधारण एक मिलिमीटर, म्हणजे तुमच्या मापात १२ पिक्सेल, एकमेकांवर चढवा. ती बारीक शेवाळी पट्टी पाण्याने भिजलेली कड म्हणून वाचली जाईल. होडीभोवती ही काळजी नको, तिथला सांधा काळ्या थराखाली झाकला जातो.

पिक्सेलभाऊ

मान्य. मी उजेडाप्रमाणेच विचार केला होता. गणितही तेच सांगतं: मल्टिप्लायमध्ये `#E0A93B` वर `#5FA0A0` ठेवला की `#536A25` येतो, चक्क शेवाळ. पण मग निळ्या थराचा मोड `Normal` केला तरी प्रश्न सुटतो की. शाई अपारदर्शक धरायची.

शाईचे_डाग

धरू शकता. एकाच ब्लॉकमधून थर काढत जाणारे, म्हणजे रिडक्शन करणारे बरेच जण शाईत पांढरी मिसळून ती झाकणारी करतात. पण मग तिन्ही थर एकमेकांपासून तुटक दिसतात आणि चौथा रंग जातो. मला पारदर्शक बरी वाटते. हा आवडीचा भाग आहे.

आता कोरण्याबद्दल. एक नियम लावून घ्या: ए-४ आकारात माझं सगळ्यात बारीक व्ही-टूल हलक्या हाताने चालवलं तरी पाऊण मिलिमीटरच्या आसपास रेघ काढतं. तेव्हा तुमच्या चित्रात ८-९ पिक्सेलपेक्षा बारीक पांढरी रेघ नको आणि १२ पिक्सेलपेक्षा लहान सुटा ठिपका नको, पांढरा असो वा काळा. जे त्याहून लहान असेल ते एकतर पुसा, नाहीतर मोठं करा. या एका नियमाने अर्धा ठसठशीतपणा येतो. नाळेवरचे खिळे फोटोत बारा दिसत असतील तर चारच ठेवा, पण प्रत्येक नीट कोरलेला.

कोपरे गोल झाले ते ब्लरमुळे. ब्लर कमी करून ते परत येत नाहीत, ठिपके तेवढे परत येतात. ते हातानेच पुन्हा कापायचे. माउसने ब्रश फिरवला की रेघ थरथरते, म्हणून ब्रश नको. पिक्सेलभाऊ, टोकं टिचकावत जाणारं सिलेक्शन असतं ना?

पिक्सेलभाऊ

`Free Select Tool`, कीबोर्डवर F. माउस ओढायचा नाही, टिचक्या मारत जायचं, म्हणजे सरळ बाजूंचा बहुकोन होतो. `Antialiasing` चालू, `Feather edges` बंद. एंटर मारून `Delete`. थराला अल्फा आहेच, तेवढा तुकडा उडतो.

शाईचे_डाग

हेच. माउससाठी याहून चांगलं काही नाही, कारण सरळ कड आणि टोकदार कोपरा हीच तर हत्याराची खूण आहे. नाळेचं टोक, फळ्यांचे सांधे, डोलकाठीचं बूड एवढे कोपरे असे पुन्हा कापा. सगळे नको. गोल आणि टोकदार दोन्ही शेजारी असले की टोकदार उठून दिसतात.

मग फळ्या. तुमच्या फोटोत ऊन डावीकडून आहे, म्हणजे प्रत्येक फळीच्या वरच्या कडेला उजेडाची रेघ आणि खालच्या सांध्यात अंधार असेल. काळ्या थरात होडीचं पोट एकसंध काळं ठेवा आणि त्यात प्रत्येक सांध्यालगत एक लांब पांढरी चीर कापा. चार टिचक्यांची: सुरुवात टोकदार, मध्ये १४ पिक्सेल रुंद, शेवट पुन्हा निमुळता. व्ही-टूल असंच चालतं. आत घुसताना बारीक, खोल गेलं की रुंद, उचलताना परत बारीक. दोन्ही बाजू समांतर असलेली रेघ मात्र कधीही कोरलेली वाटत नाही. चिरा फळीच्या वळणाने जाऊ देत. सगळ्या आडव्या काढल्यात तर होडीचं पोट सपाट होईल.

आणि काळं राहू द्या. लोक घाबरून काळ्यात फार कोरतात. नंदलाल बोस यांचं १९३० चं दांडीयात्रेवरचं 'बापूजी' लिनोकट पाहा: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्यात उठलेली चालती आकृती आणि काठी. किंवा फेलिक्स वालोतों यांचे १८९० च्या दशकातले वुडकट पाहा, अर्धी खोली सरळ काळी आणि त्यात माणसाचा चेहरा आणि हात तेवढे पांढरे.

थेम्सकाठ

इतकं करण्यापेक्षा खरंच कोरा ना! लिनोचा तुकडा, एक हत्यार, एक रोलर आणि दाबायला चमचा, एवढ्यात काम होतं. मी इकडे सायंकाळच्या वर्गात शिकले. थंडीत लिनो कडक होतो, तेव्हा हेअर ड्रायरने जरा गरम करायचा, लोण्यासारखा कापला जातो.

शाईचे_डाग

@थेम्सकाठ, मला कोण आनंद होईल. पण त्यांना तीन आठवड्यांत छापायला द्यायचंय. तेलाच्या शाईचे तीन थर आपल्या दमट हवेत, प्रत्येक थर वाळायची वाट पाहत... आणि पहिल्यांदाच कोरताना दोर शाबूत राहणं कठीण.

मीठभाकर

दोरांचं काय करू तेच विचारणार होते. ब्लर कमी केला तर दोर येतात पण रवाही येतो.

शाईचे_डाग

दोर फोटोतून काढूच नका. मूळ फोटो वर अर्धा पारदर्शक ठेवून ते हाताने घाला. इथे एक गंमत आहे. आकाशासमोर दोर काळा असतो, म्हणजे खऱ्या ब्लॉकवर त्याच्या दोन्ही बाजूंनी कोरून मधला कणा वाचवावा लागतो. असा वाचवलेला दोर कधीच एकसारख्या जाडीचा नसतो. म्हणून तोही बहुकोनानेच काढा, कुठे १० पिक्सेल, कुठे १६, दर काही अंतरावर जरासा कोन बदललेला. आणि तोच दोर जिथे काळ्या पोटासमोर येतो तिथे तो पांढरा करा, म्हणजे काळ्यातून कापून काढा. आकाशावर काळा, होडीवर पांढरा. फोटोत असं कधी दिसत नाही, पण छापचित्रात डोळा तो एकच दोर म्हणून बिनतक्रार वाचतो. नाळेपाशी जिथे रंग पालटतो तिथे एक बोटभर जागा नीट पाहून करा, तेवढ्यावर सगळं ठरतं.

एक विचारायचं राहिलं: लिनो हवा की वुडकट? लिनोला रेषा नसतात, वळण कुठूनही सारखंच निघतं. लाकडाला रेषा असतात, त्या दिशेने काप लांब आणि स्वच्छ जातो, आडवा गेला की कड जरा फाटते, आणि मोठ्या सपाट जागेत लाकडाच्या रेषा छापल्या जातात. दोन्हीची मिसळ करू नका.

मीठभाकर

लिनो. होडीला वळणंच वळणं आहेत. पण लाकडाच्या होडीत लाकडाच्या रेषा आल्या असत्या तर... मोह होतोय.

शाईचे_डाग

तो मोह आवरा :) रेषा आल्या तर त्या आकाशातही याव्या लागतील, कारण ब्लॉक एकच असतो.

आईची_लेक

माझा प्रश्न राहिलाच हो. बाळाच्या गालावरचा डाग?

पिक्सेलभाऊ

@आईची_लेक, फ्लॅश समोरून पडला की चेहऱ्यावर सावलीच उरत नाही, सगळा चेहरा चारपाच आकड्यांच्या आत येतो. मग थ्रेशोल्डची रेघ गालावरच्या कुठल्यातरी किरकोळ फरकावरून जाते. आकडा बदलून काही होणार नाही. खिडकीतून एका बाजूने उजेड आलेला दुसरा फोटो असेल तर तो घ्या. नसेलच तर थ्रेशोल्डच्या आधी काळ्या-पांढऱ्या प्रतीवर `Dodge/Burn` ने हाताने सावली घाला: नाकाची एक बाजू, हनुवटीखाली, एका डोळ्याच्या खोबणीत. गाल उजळून टाका.

@मीठभाकर, हा उपाय तुम्हालाही लागू आहे. अख्ख्या फोटोला एकच आकडा लावायचा असं काही नाही. होडीच्या अंगावर काळं जास्त येत असेल तर तेवढाच भाग उजळा, मग थ्रेशोल्ड. किंवा होडी, पाणी आणि वाळू वेगवेगळे निवडून प्रत्येकाला वेगळा आकडा द्या.

आईची_लेक

खिडकीजवळचा एक सापडला. त्यात तो रडतोय, पण नाक आहे!

बाब्या_रत्नांग्री

रडणारं बाळ लिनोकटमध्ये जास्त भारी दिसेल. आमच्याकडे चित्तप्रसादांच्या छापचित्रांचं एक प्रदर्शन लागलं होतं, त्यात लहान मुलं होती, अशी काही नजर होती त्यांची. ते अंधेरीत राहायचे हे मला तिथे कळलं.

मीठभाकर

नवीन प्रत केली. गेरूतून समुद्र आणि होडी काढली, फळ्यांच्या चिरा कापल्या, दोर पालटले. घरच्यांनी विचारलं, हे कुठून विकत आणलंस! आता दोन शंका. आकाश कोरा कागद ठेवलंय, ते फार रिकामं वाटतंय. आणि मोठ्या काळ्या जागा फारच गुळगुळीत दिसतात, तिथे शाईचा पोत कसा आणायचा?

पिक्सेलभाऊ

पोत सोपा आहे. नवीन थरावर नॉइज, तो २-३ पिक्सेलने ब्लर, मग थ्रेशोल्ड असा ठेवा की शंभरातले तीन-चार टक्केच ठिपके उरतील. तो लेयर मास्क म्हणून शाईच्या थराला लावा. ठिपक्यांतून खालचा रंग डोकावतो, शाई कमी पडल्यासारखी. वर कागदाचा स्कॅन मल्टिप्लाय करा. आणि निळा थर ५-६ पिक्सेल बाजूला सरकवा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. हाताने छापल्यासारखं वाटतं.

शाईचे_डाग

ठिपक्यांबद्दल सावध. एकच नॉइज तिन्ही थरांना लावलात तर तिन्ही शायांना एकाच जागी भोकं पडतील आणि तिथे थेट कागद दिसेल. खऱ्या छपाईत प्रत्येक शाई स्वतंत्र लावली जाते, ती अशी एकाच जागी कधी कमी पडत नाही. प्रत्येक थराला वेगळा नॉइज घ्या. तोही मोठ्या सपाट जागांच्या मध्यभागी जास्त आणि कडांजवळ कमी, कारण दाबाने शाई कडेकडे ढकलली जाते आणि कड भरीव उमटते. बारीक दोरांवर तर नकोच. कागदाचा स्कॅन सगळ्यावरून फिरवणं मला खटकतं. शाई कागदाच्या वर बसते, कागदाचे तंतू काळ्यातून असे दिसत नाहीत.

खरं सांगायचं तर मी पोत घालणारच नाही. कोरणं नीट असेल तर सपाट शाईसुद्धा लिनोच वाटते, आणि कोरणं कच्चं असेल तर कितीही ठिपके टाकून ते झाकत नाही. घालायचाच असेल तर खोडरबरावर शाई लावून चार ठसे मारा आणि ते स्कॅन करून वापरा.

पिक्सेलभाऊ

इथे आपलं जमणार नाही :) लोक मुखपृष्ठ हातभर अंतरावरून बघतात. पोत नसला तर त्यांना ते कॉम्प्युटरवरचं सपाट चित्रच वाटणार.

शाईचे_डाग

असेल. आकाशाचं सांगतो. ब्लॉकवर आकाश कोरून काढताना मधे बारीक कणे उरतात आणि ते छापतात. निळ्या थरात असे थोडे ठेवा, काळ्यात नको. दिशा महत्त्वाची. कोरणारा आधी दोराच्या आणि डोलकाठीच्या कडेने समांतर जातो, त्यांना वाचवत, आणि मग बाहेर मोकळ्या जागेत. म्हणून डोलकाठीजवळचे कणे तिला समांतर, आणि वर कोपऱ्याकडे जाताना ते पसरत विरळ होतात. एकसारखे आडवे ओरखडे काढलेत तर पाऊस वाटेल. पंधरावीस पुरेत, प्रत्येक बोटाच्या पेराएवढा लांब, दोन्ही टोकांना निमुळता.

कलासक्त_७१

मुखपृष्ठाच्या श्रेयात 'लिनोकट' असं छापणार का? छापचित्राला ब्लॉक असतो, प्रती असतात, क्रमांक असतो. हे फोटोवरून केलेलं चित्र आहे.

मीठभाकर

'छायाचित्रावरून, लिनोकट शैलीत' असं लिहायचा विचार आहे. प्रेसवाल्यांशीही बोलले. ते म्हणाले पीडीएफ द्या, चार रंगात छापू, आर्ट कार्डावर.

शाईचे_डाग

श्रेयाची ओळ ठीक आहे.

चार रंगात दिलंत तर काळ्या थराकडे लक्ष ठेवा. तुमचा 'जवळजवळ काळा' चार शायांच्या मिश्रणातून बनेल, आणि मशीनवर प्लेट केसभर जरी सरकली तरी तुमच्या बारीक पांढऱ्या चिरांना रंगीत झालर लागेल. काळा थर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, असा द्या आणि तो बाकीच्या रंगांवर ओव्हरप्रिंट करायला सांगा. त्याने खालचे रंग काळ्याखालून सलग जातील आणि फट पडणार नाही.

त्याहून मजा हवी असेल तर प्रेसला विचारा की तीन स्पेशल शायांत छापता येईल का. मशीन धुण्याचा खर्च जास्त लागेल, छोट्या अंकाला परवडेल की नाही ते त्यांनाच विचारा. पण तसं झालं तर पीडीएफऐवजी तीन वेगवेगळ्या काळ्या-पांढऱ्या फायली द्यायच्या, प्रत्येकीत काळं म्हणजे पूर्ण शाई. गेरूवर निळी खरोखर चढेल. मग तुम्ही मुद्दाम केलेलं अर्धा मिलिमीटर सरकवणं काढून टाका, मशीन आपलं सरकवणं स्वतः आणेल आणि दोन्ही मिळून फार होईल.

आणि आर्ट कार्ड चकचकीत असतं. जाड मॅपलिथो मिळत असेल तर तो मागा. त्यात शाई मुरते आणि रंग जरा मंद, मॅट बसतो. फक्त त्यामुळे निळी जराशी अंधारी होईल, तेव्हा तिला आत्ताच एक पायरी उजळ करून ठेवा.

बाब्या_रत्नांग्री

वाचूनच दमलो. लिलावाचं कुणीतरी सांगा.

मीठभाकर

@बाब्या, आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी होता, पण विचारून जा.

@शाईचे_डाग, तीन शायांचा भाव मागवलाय, उद्या कळेल. मॅपलिथो मिळेल म्हणाले. निळी `#5FA0A0` वरून `#6FB0B0` करून पाहते. गेरूवर चढल्यावर सावलीचा शेवाळी रंग मात्र जरा फिका पडतोय, तो कसा सांभाळू?

शाईचे_डाग

पडू द्या. वाळूवरच्या सावलीत दोन-तीन काळ्या चिरा वाढवा, होडीच्या पोटाखालून बाहेर येणाऱ्या. आणि प्रूफ त्याच कागदावर मागा, स्क्रीनवर आता काही कळणार नाही.